अर्ध्या मीटरची काठी, दोन दुपारी, आणि पृथ्वीचा कल: मुंबईच्या गच्चीवर ऋतूंचं गणित करून बघा

पृथ्वीचा आस साधारण २३.४ अंशांनी कललेला आहे हे वाक्य आपण सगळ्यांनी पाठ केलेलं असतं, पण हा आकडा मुंबईतल्या कुठल्याही सोसायटीच्या गच्चीवर एका काठीने मोजता येतो हे फार कमी जणांना माहीत असतं. एक माप डिसेंबरमध्ये घ्यायचं आणि दुसरं जूनमध्ये, बस. त्या दोन मापांतून कल तर मिळतोच, वर मुंबईचा अक्षांशही मिळतो, आणि त्या दोन आकड्यांवरून आपल्याकडे दिवस किती लहान-मोठा होतो तेही काढता येतं. खाली सगळं क्रमाने लिहितोय, घरात आठवी-नववीतलं कुणी असेल तर त्याला सोबत घ्या.

आधी घरातच एक मोसंबं घेऊन बसा

मोसंब्यातून विणकामाची सुई आरपार घाला, ही झाली पृथ्वी आणि तिचा आस. टेबलाच्या मधोमध शेड काढलेला दिवा ठेवा, तो सूर्य. आता सुई सरळ उभी न धरता थोडी कलती धरा आणि तिचं वरचं टोक समोरच्या भिंतीकडे रोखा. इथून पुढे एकच नियम: मोसंबं दिव्याभोवती फिरवत नेताना सुईचं टोक पूर्ण वेळ त्याच भिंतीकडे राहिलं पाहिजे. बहुतेकांचा हात इथेच चुकतो, फिरता फिरता सुई आपोआप दिव्याकडे वळत जाते, आणि तसं झालं की ऋतूच होत नाहीत कारण सगळीकडून सारखाच प्रकाश पडतो.

नियम पाळला तर काय दिसतं? दिव्याच्या एका बाजूला असताना सुईचं वरचं टोक दिव्याकडे झुकलेलं दिसतं, तो आपला जून. बरोबर समोरच्या बाजूला गेलात की तेच टोक दिव्यापासून लांब झुकलेलं, तो डिसेंबर. सुई हलली नाही, मोसंबं दुसऱ्या बाजूला गेलं एवढंच. आता पेनाने मोसंब्यावर विषुववृत्ताच्या थोडं वर एक गोल रेघ काढा, ती आपली मुंबईची रेघ. जूनच्या जागी धरलंत तर त्या रेघेचा अर्ध्याहून जास्त भाग उजेडात दिसेल, डिसेंबरच्या जागी अर्ध्याहून कमी. रेघेची एक पूर्ण फेरी म्हणजे २४ तास, त्यामुळे उजेडातला हिस्सा म्हणजे दिवस आणि अंधारातला म्हणजे रात्र, दिवस लहान-मोठा होण्यामागे एवढंच आहे. विषुववृत्ताची रेघ मात्र कुठेही धरा, निम्मी उजेडात निम्मी अंधारात.

सुईचं टोक खरंच एका दिशेला स्थिर असतं याचा पुरावा आकाशात आहे. आसाचं उत्तरेकडचं टोक ध्रुवताऱ्याजवळ रोखलेलं आहे आणि मुंबईतून ध्रुव उत्तर क्षितिजापासून साधारण १९ अंशांवर दिसतो (हात लांब करून मूठ धरली की ती दहाएक अंश होते, म्हणजे दोन मुठींच्या जरा खाली). जानेवारीत बघा नाहीतर मे महिन्यात बघा, उंची तीच. आस वर्षभरात खालीवर डुलत असता तर ध्रुवही डुलला असता.

सूर्य जवळ आला की उन्हाळा आणि लांब गेला की हिवाळा, हा गैरसमज इथेच संपवून टाकू. सूर्य आपल्याला सगळ्यात जवळ असतो तो जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात, सुमारे १४ कोटी ७१ लाख किलोमीटरवर, आणि सगळ्यात लांब जुलैच्या पहिल्या आठवड्यात, सुमारे १५ कोटी २१ लाखांवर. म्हणजे मुंबईतली थंडी नेमकी सूर्य जवळ असताना पडते. माझ्या मते ह्या गैरसमजाला पुस्तकातली आकृती जबाबदार आहे, ती कक्षा तिरकी बघितल्यासारखी काढतात म्हणून ती लांबुळकी दिसते आणि मुलांना वाटतं पृथ्वी खूप जवळ-लांब जाते. खरी कक्षा वहीवर काढली तर कंपासने काढलेल्या वर्तुळात आणि तिच्यात डोळ्यांना फरक कळणार नाही.

काठी उभी करणं: सगळी अचूकता इथे आहे

५० सेंटीमीटरचा सरळ पाइप किंवा दांडी घ्या, ॲल्युमिनियमची मिळाली तर उत्तम, लाकडी असेल तर वाकलेली नाही ना बघा. खाली प्लायवूडचा तुकडा, दोन फूट लांब चालेल. दांडी प्लायला घट्ट बसवा आणि गुण्या लावून चारी बाजूंनी काटकोन तपासा. ५० सेंटीमीटर हे प्लायच्या वरून टोकापर्यंत मोजायचं, भोकात गेलेला भाग धरायचा नाही.

आता गच्ची. गच्ची कधीच सपाट नसते, पावसाचं पाणी जावं म्हणून तिला मुद्दाम उतार दिलेला असतो. मीटरला एक सेंटीमीटर उतार असला तरी अर्ध्या अंशाहून जास्त चूक येते, आणि आपण जे मोजतोय त्यात अर्धा अंश लहान नाही. म्हणून प्लायखाली पुठ्ठ्याचे तुकडे सारून स्पिरिट लेव्हल दोन्ही दिशांनी बघा. लेव्हल नसेल तर दांडीशेजारी ओळंबा धरा, दोरा आणि दांडी समांतर दिसली पाहिजेत.

दिशा शोधायला फोनचं होकायंत्र वापरू नका, स्लॅबमधल्या सळयांमुळे ते भरकटतं. भर मध्यान्हाची सावली स्वतःच बरोबर उत्तर-दक्षिण पडते, तीच तुमची दिशा. आणि सूर्याकडे थेट बघायची गरजच नाही, आपलं सगळं काम खाली सावलीवर.

मध्यान्ह म्हणजे १२ वाजता नव्हे

आपल्या घड्याळातली वेळ ८२.५ अंश पूर्व रेखांशाची आहे, ती रेघ जाते प्रयागराजच्या, म्हणजे पूर्वीच्या अलाहाबादच्या बाजूने. मुंबई आहे ७२.९ अंशांच्या आसपास, साडेनऊ अंशांहून जास्त पश्चिमेला. पृथ्वीला एक अंश फिरायला ४ मिनिटं लागतात, म्हणून मुंबईची खरी मध्यान्ह सरासरी १२ वाजून ३९ मिनिटांनी होते. त्यातही वर्षभरात ती मागेपुढे सरकते, नोव्हेंबरच्या सुरुवातीला १२:२२ च्या आसपास आणि फेब्रुवारीच्या मध्याला १२:५३ च्या आसपास. आपल्याला लागणाऱ्या दोन दिवसांसाठी सोपं आहे, २२ डिसेंबरला १२:३७ आणि २१ जूनला १२:४०, एखाद मिनिट इकडेतिकडे.

पण घड्याळावर विसंबू नका. मध्यान्हाच्या अर्धा तास आधी बसा आणि दर पाच मिनिटांनी सावलीच्या टोकावर पेन्सिलीने खूण करत जा, मध्यान्हानंतरही अर्धा तास. खुणांमधली जी दांडीच्या सगळ्यात जवळची तीच मध्यान्हाची. टोक नेहमी धूसर दिसतं, कारण सूर्य ठिपका नाही, आकाशात त्याची रुंदी अर्धा अंश आहे. धूसर पट्ट्याचा मध्य धरा, आणि दर वेळी मध्यच धरा.

डिसेंबरचं माप

२१ किंवा २२ डिसेंबर, पण त्याच्या आधी-नंतर चार-पाच दिवस चालतात, त्या सुमारास सूर्य जवळपास जागचा हलतच नाही. आकाश स्वच्छ असतं, त्यामुळे हे माप निवांत होतं. सावली उत्तरेला पडेल, लांबी ४५.८ सेंटीमीटर यायला हवी. फोनच्या कॅल्क्युलेटरवर:

```
tan⁻¹(45.8 ÷ 50) = 42.5
```

कॅल्क्युलेटर DEG वर आहे ना ते आधी बघा, RAD वर असेल तर ०.७४ असा काहीतरी आकडा येईल. ४२.५ अंश म्हणजे सूर्य डोक्याच्या बरोबर वरच्या बिंदूपासून दक्षिणेकडे ४२.५ अंश खाली आहे. हा कोन दोन गोष्टींची बेरीज आहे: मुंबई विषुववृत्ताच्या उत्तरेला जितकी आहे तितके अंश, अधिक त्या दिवशी सूर्य विषुववृत्ताच्या दक्षिणेला जितका गेलाय तितके, म्हणजे पूर्ण कल.

जूनचं माप, आणि पावसाची अडचण

२१ जूनला मुंबईत सूर्य मध्यान्हाला दक्षिणेला नसतो, तो डोक्यावरून पलीकडे उत्तरेला गेलेला असतो, म्हणून सावली दक्षिणेला पडते आणि ती जेमतेम ३.८ सेंटीमीटर असते. ज्यांनी जन्मभर दुपारची सावली उत्तरेलाच पडताना बघितलीय असं वाटत असतं त्यांना हे आधी पटत नाही, पण संपूर्ण महाराष्ट्र कर्कवृत्ताच्या दक्षिणेला असल्याने आपल्या सगळ्या गावांत हे होतं.

अडचण अशी की मुंबईत मान्सून यायची सरासरी तारीखच ११ जून आहे. २१ तारखेला ऊन मिळालं तर नशीब, पण त्यावर अवलंबून राहू नका. जूनच्या पहिल्या आठवड्यापासून रोज प्लाय तयार ठेवा आणि जितकं उशिराचं ऊन मिळेल तितकं घ्या. १० जूनला माप मिळालं तर सावली ३.४ सेंटीमीटरच्या आसपास येते आणि कोनात फक्त अर्ध्या अंशाच्या आतबाहेर फरक पडतो, चालून जातं.

जूनमध्ये वेळेची चूक मात्र महागात पडते. डिसेंबरला दहा मिनिटं इकडेतिकडे झाली तर काही बिघडत नाही, पण जूनमध्ये सूर्य डोक्याजवळून जातो तेव्हा सावलीचं टोक झपाट्याने पश्चिमेकडून पूर्वेकडे सरकतं आणि दहा मिनिटांत लांबी ३.८ ची ४.३ होते. उपाय सोपा आहे, डिसेंबरला मिळालेली उत्तर-दक्षिण रेघ प्लायवर कायम ठेवा, प्लाय त्याच जागी त्याच दिशेने मांडा, आणि जूनमध्ये टोक त्या रेघेवर येईल तेव्हाचंच माप घ्या.

३.८ भागिले ५० चा कोन येतो ४.३ अंश. आणि हा कोन वजाबाकी आहे, कल वजा मुंबईचा अक्षांश.

आता दोन्ही एकत्र

```
(42.5 + 4.3) ÷ 2 = 23.4   ← आसाचा कल
(42.5 − 4.3) ÷ 2 = 19.1   ← मुंबईचा अक्षांश
```

बेरजेत अक्षांश कटतो आणि वजाबाकीत कल कटतो. मला ह्या सगळ्या उद्योगातला हा भाग सगळ्यात जास्त आवडतो, कारण चूक कुठे झाली तेही हेच दोन आकडे सांगतात. समजा अक्षांश १९.१ ऐवजी २०.३ आला पण कल बरोबर २३.४ आहे, तर समजा की प्लाय दोन्ही वेळा एकाच बाजूला कलला होता, कारण तसा उतार एका मापात मिळतो आणि दुसऱ्यातून तेवढाच जातो. उलट अक्षांश बरोबर आणि कल कमी, २२.८ वगैरे, तर तुम्ही दोन्ही मापं अयनदिनापासून बरीच लांबच्या तारखांना घेतलीत. दोन्ही चुकले असतील तर दांडीची लांबी परत मोजा.

मध्ये कंटाळा येऊ नये म्हणून आणखी एक तारीख सांगतो, १५ मे. त्या दिवशी सूर्य १९ अंशांच्या जरासा उत्तरेला, म्हणजे थेट मुंबईच्या डोक्यावर असतो आणि १२:३५ ला उभ्या दांडीची सावली गायब होते. हाच शून्य सावलीचा दिवस. परत येताना तो २७ जुलैच्या सुमारास असतो पण तेव्हा ढग. ह्या दोन तारखांच्या मधले दिवस वगळले तर वर्षभर मुंबईतली मध्यान्हाची सावली उत्तरेलाच असते.

कलावरून दिवसाची लांबी

मोसंब्यावरच्या रेघेचा किती भाग उजेडात आहे ते मोजायचं सूत्र एका ओळीचं आहे. त्यात φ म्हणजे तुमचा अक्षांश आणि δ म्हणजे त्या दिवशी सूर्य ज्या अक्षांशाच्या डोक्यावर आहे तो, दक्षिणेला असेल तर उणे:

```
H = cos⁻¹( −tan φ × tan δ )
दिवस (तास) = 2 × H ÷ 15
```

२१ जूनसाठी φ ला १९.१ आणि δ ला २३.४ टाका, H येतो ९८.६ अंश, दुप्पट करून १५ ने भागलं की १३ तास ९ मिनिटं. डिसेंबरला δ उणे २३.४, H ८१.४, दिवस १० तास ५१ मिनिटं.

पेपरमधल्या सूर्योदय-सूर्यास्ताच्या वेळांवरून मोजलं तर प्रत्येक दिवस ह्याहून साधारण आठ मिनिटं मोठा निघेल, जूनमध्ये सव्वातेरा तासांच्या थोडा वर आणि डिसेंबरमध्ये अकरा तासांच्या जरा आत. गणित चुकलेलं नाही. सूर्योदय धरतात तो सूर्याची वरची कड दिसते तेव्हाचा, मध्य वर येतो तेव्हाचा नाही, आणि हवेमुळे प्रकाश वाकल्याने सूर्य क्षितिजाखाली असतानाच आपल्याला दिसायला लागतो. म्हणूनच २१ मार्चला सुद्धा मुंबईत दिवस-रात्र अगदी सारखे नसतात, दिवस सहा-सात मिनिटं मोठाच असतो आणि खरी बरोबरी आठवडाभर आधी होऊन गेलेली असते.

म्हणजे मुंबईत वर्षभरात फरक सव्वादोन तासांचा. हेच सूत्र लंडनच्या ५१.५ अंशांसाठी लावून बघा, जूनचा दिवस जवळपास साडेसोळा तास आणि डिसेंबरचा साडेसातच्या वर थोडा. कन्याकुमारीला ८ अंश टाका, पूर्ण फरक एका तासाच्याही आत येतो. कल सगळ्यांना सारखाच आहे, पण मोसंब्यावर रेघ जितकी वर तितका तो जास्त जाणवतो.

उन्हाची ताकदही त्याच कोनातून येते. २२ डिसेंबरला मुंबईत सूर्य भर मध्यान्हाला क्षितिजापासून ४७.५ अंशांवरच चढतो, त्यामुळे एक चौरस मीटर जाडीचा उन्हाचा झोत जमिनीवर १.३६ चौरस मीटरवर पसरतो. लहान दिवस आणि पसरलेलं ऊन एकत्र धरलं, सूर्याचं अंतरही हिशोबात घेतलं, तर वातावरणाच्या वर २१ जूनच्या दिवसभरात मुंबईच्या वाट्याला येणारी ऊर्जा २२ डिसेंबरच्या सुमारे दीडपट भरते. लंडनला हाच फरक सहा पटींच्या वर जातो, म्हणून तिकडे खरा हिवाळा आणि आपल्याकडे स्वेटर कपाटातच.

सकाळी उशिरा उजाडतं ते जानेवारीत, मग सगळ्यात लहान दिवस डिसेंबरचा कसा?

हे फिरायला जाणाऱ्या लोकांच्या नक्की लक्षात आलेलं असतं. मुंबईत सगळ्यात उशिराचा सूर्योदय जानेवारीच्या मध्यानंतर, सव्वासातच्या आसपास, आणि सगळ्यात लवकरचा सूर्यास्त नोव्हेंबरच्या शेवटच्या आठवड्यात, सहाच्या सुमाराला. कारण वर सांगितलंच, मध्यान्ह घड्याळात सरकते. नोव्हेंबर ते फेब्रुवारी ती रोज थोडी उशिरा उशिरा होत जाते आणि सूर्योदय, सूर्यास्त दोघांनाही सोबत ओढते. त्यामुळे संक्रांतीच्या दिवसांत संध्याकाळ लांबताना दिसते पण सकाळ मात्र हलत नाही. दिवस तिळातिळाने वाढतो म्हणतात ते बरोबर आहे, त्या आठवड्यात मुंबईत दिवस रोज अर्ध्या मिनिटाने वाढत असतो, मार्चमध्ये तोच वेग मिनिटाच्या वर जातो. फक्त वाढ सुरू होते ती २२ डिसेंबरनंतर लगेच, १४ जानेवारीला नाही. पृथ्वीचा आस सुमारे २६ हजार वर्षांत एक गिरकी घेतो, तारखा ताऱ्यांवरून धरल्याने संक्रांत आणि खरं उत्तरायण यांच्यात हे अंतर पडत गेलंय.

कल कुठपर्यंत पुरतो

कलामुळे ऊन किती मिळणार ते ठरतं, तापमान किती होणार ते एकट्या उन्हावर नाही. जमीन आणि समुद्र तापायला-निवायला वेळ घेतात, म्हणून सगळ्यात लहान दिवस डिसेंबरचा असूनही थंडी जानेवारीत जास्त. आणि हिशोबाने जून सगळ्यात तापायला हवा, पण एप्रिल-मेमध्ये सूर्य उत्तरेला सरकला की उपखंडाची जमीन समुद्रापेक्षा खूप जास्त तापते, वायव्येकडे हवेचा दाब कमी होतो, समुद्रावरचे दमट वारे आत ओढले जातात आणि ढग येऊन ऊनच अडवतात. पाऊससुद्धा कलाचाच, फक्त एक पायरी पुढचा. ऑक्टोबरला सूर्य खाली उतरायला लागलेला असतो, मध्यान्हाला ६४ अंशांच्या आसपास, तरी घामाघूम होतं कारण ढग गेलेले असतात आणि दमटपणा राहिलेला असतो. मार्च-एप्रिलमधला एखादा दिवस एकदम चाळिशीकडे जातो तेव्हाही सूर्याने काही वेगळं केलेलं नसतं, जमिनीवरून येणारा पूर्वेचा गरम वारा जोरात असतो आणि समुद्राचा वारा अकरा-बाराऐवजी दुपारी उशिरा सुरू होतो, तोपर्यंत शहर तापून निघतं.